अभ्यासाचे तास आणि दहावीचे गुण: सर्वेक्षणातून काय सिद्ध होतं आणि काय होत नाही (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

सातारा-सांगली भागातले बी.एड.चे छात्राध्यापक, एम.एड.च्या लघुशोधप्रबंधाला बसलेले विद्यार्थी, दहावीचे वर्गशिक्षक आणि काही पालक यांच्याकडून येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. विषय साधारण एकच असतो: 'दहावीच्या विद्यार्थ्यांचे दैनंदिन अभ्यासाचे तास व त्यांची शैक्षणिक संपादणूक'. गुगल फॉर्म किंवा छापील प्रश्नावली, शे-दोनशे मुलं, सहसंबंध गुणांक आणि शेवटी 'अभ्यासाचा कालावधी वाढवल्यास गुण वाढतात' हा निष्कर्ष. गाडी घसरते ती या शेवटच्या वाक्यावर. उदाहरणांतले तास-गुणांचे आकडे हिशेब समजावा म्हणून घेतलेले आहेत, ते कोणत्याही शाळेचे नाहीत. जिथे खऱ्या संशोधनाचे आकडे आहेत तिथे तसं सांगितलं आहे.

१. २०० मुलांचा सहसंबंध गुणांक ०.५ आला, ०.०१ स्तरावर सार्थ आहे. मग सिद्ध झालंच ना?

सिद्ध झालं ते एवढंच, की हा संबंध निव्वळ योगायोगाने दिसलेला नाही. २०० मुलांसाठी ०.०१ स्तरावरची सारणीतली किंमत साधारण ०.१८ असते. तुमचा आकडा तिच्या कितीतरी वर आहे, म्हणून शून्य परिकल्पनेचा त्याग करा, त्यात काही चूक नाही.

पण शून्य परिकल्पना काय म्हणत होती? 'तास आणि गुण यांत संबंध नाही.' 'तासांमुळे गुण वाढत नाहीत' असं ती म्हणत नव्हती. सार्थकतेची चाचणी योगायोगाला बाजूला सारते. संबंध नेमका कशामुळे आला, हे तिला विचारलेलंच नसतं. म्हणून नमुना २०० वरून २००० केला तरी या बाबतीत काही फरक पडत नाही. तोच ०.५ जास्त खात्रीने ०.५ ठरेल, पण त्याचं कारण पहिल्याइतकंच अंधारात राहील. 'नमुना लहान होता, पुढील संशोधकाने मोठा घ्यावा' हे वाक्य प्रबंधाच्या शेवटी सवयीने लिहिलं जातं. इथे त्याने काहीच सुटत नाही.

२. योगायोग नाही, मग तास आणि गुण बरोबर वाढताना दिसतात ते कशामुळे?

एक शक्यता तुम्ही धरलेलीच आहे: जास्त बसलं की जास्त येतं. ती खरी असूही शकते. पण तीच आकडेवारी आणखी तीन वाटांनी तयार होते, आणि प्रश्नावलीवरून कोणती वाट खरी हे ओळखता येत नाही.

पहिली वाट तिसऱ्या घटकाची. ज्याचं नववीपर्यंतचं गणित-इंग्रजी पक्कं आहे त्याला पुस्तक घेऊन बसायला कंटाळा येत नाही, म्हणून तो जास्त वेळ बसतो. आणि पाया पक्का असल्यामुळे त्याला गुणही जास्त पडतात. पाटण किंवा जावळीतल्या वाडीवरून एसटीने येणाऱ्या मुलीचं उलट होतं. जाण्या-येण्यात दोन-अडीच तास गेल्याने तिचे अभ्यासाचे तास कमी होतात. गाडी चुकली की पहिला तासही बुडतो, आणि त्याने गुण वेगळेच कमी होतात. दोन्ही मुलांच्या बाबतीत तास आणि गुण एका सुरात हलतात, पण त्यांना हलवणारा हात तिसराच असतो.

दुसरी वाट उलट्या दिशेची आहे (प्रश्न ४). तिसरी, तुम्ही मुलं कुठून निवडलीत याची (प्रश्न ७).

३. 'तिसरा घटक' नुसता तोंडी सांगितला तर मार्गदर्शकांना पटत नाही. आकड्यांत दाखवता येईल का?

येईल. २०० मुलं घ्या. नववीत ७० टक्के किंवा जास्त मिळालेली १००, ७० च्या खालची १००. प्रत्येकाने रोज तीन तास किंवा जास्त अभ्यास केला की कमी, एवढंच विचारलं, आणि दहावीची सरासरी टक्केवारी लिहिली.

| गट | ३ तास किंवा जास्त | ३ तासांपेक्षा कमी |
|---|---|---|
| नववीत ७० किंवा जास्त | ८० मुलं, सरासरी ७९ | २० मुलं, सरासरी ७७ |
| नववीत ७० पेक्षा कमी | २० मुलं, सरासरी ५९ | ८० मुलं, सरासरी ५७ |

आता नववीचा रकाना झाकून ठेवा आणि सगळ्यांची एकत्र सरासरी काढा. जास्त बसणाऱ्या १०० जणांत ८० मुलं ७९ ची आणि २० मुलं ५९ ची, म्हणजे (८० × ७९ + २० × ५९) ÷ १०० = ७५. कमी बसणाऱ्यांत (२० × ७७ + ८० × ५७) ÷ १०० = ६१. फरक १४ टक्क्यांचा. एवढ्या फरकावर पालकसभेत भाषण ठोकता येतं.

झाकलेला रकाना उघडा. नववीत सारखीच असलेली मुलं शेजारी शेजारी ठेवली की फरक दोनच टक्के उरतो: ७९ आणि ७७, ५९ आणि ५७. उरलेले १२ टक्के अभ्यासाच्या तासांचे नव्हतेच. पक्क्या पायाची मुलं डावीकडच्या रकान्यात चौपट जमली होती, त्याचे ते होते. प्रश्नावलीत नववीचे गुण विचारलेच नसते, तर हे १२ टक्के तासांच्या नावावर जमा झाले असते आणि कुणाला कळलंही नसतं.

आणि उरलेले दोन टक्के तरी तासांचेच कशावरून? त्यांच्यामागेही एखादा न विचारलेला रकाना असू शकतो. त्याबद्दल प्रश्न ६ पाहा.

४. गुणांमुळे अभ्यासाचे तास बदलतात, असं कसं होईल? गुण तर शेवटी येतात.

बोर्डाचा निकाल शेवटी येतो, पण वर्षभर घटक चाचण्या, सहामाही आणि सराव परीक्षा चालूच असतात. त्यांचे गुण मुलांना आणि आईबापांना लगेच कळतात आणि पुढचे तास त्यावर ठरतात.

हे दोन्ही बाजूंना घडतं. चाचणीत चांगले गुण आले की काही मुलांना हुरूप येतो आणि ती आणखी बसतात. अशा वर्गात संबंध आहे त्याहून मोठा दिसतो. दुसरीकडे सहामाहीत गणितात काठावर पास झालेल्याला घरचे सक्तीने बसवतात, क्लास लावतात, मोबाईल काढून घेतात. त्याचे तास वाढतात ते गुण कमी म्हणूनच. अशी मुलं नमुन्यात बरीच असतील तर संबंध आहे त्याहून लहान दिसेल, कधी उलटाही दिसेल. एकाच सर्वेक्षणात दोन्ही प्रकारची मुलं मिसळलेली असतात. म्हणून 'आमचा आकडा फुगलेला असेल तर असेल, निदान दिशा तरी बरोबर आहे' असंही छातीठोकपणे म्हणता येत नाही.

५. मुलांनी लिहिलेले तास खरे मानायचे का?

जपून. पहिली अडचण 'अभ्यास' कशाला म्हणायचं ही. क्लासचे दोन तास धरायचे का? अभ्यासिकेत बसलेला पूर्ण वेळ धरायचा का, की त्यातला चहाचा आणि गप्पांचा वेळ वजा करायचा? प्रश्नावलीत हे लिहिलेलं नसेल तर एका मुलीचे चार तास आणि दुसरीचे चार तास या दोन वेगळ्या गोष्टी असतात. दुसरी खूण उत्तरांतच सापडते: जवळजवळ सगळे २, ३, ४ असे पूर्ण आकडे. पावणेतीन कुणी लिहीत नाही. असं दिसलं की मुलांनी मोजलेलं नाही, अंदाज टाकला आहे, हे ओळखावं.

अंदाज इकडेतिकडे सारखेच चुकत असतील तर संबंध खऱ्याहून फिका दिसतो. पण चूक गुणांना धरून होत असेल तर प्रकरण बिघडतं. निकालानंतर विचारलं की ९० टक्के मिळालेला 'रोज पाच तास' लिहितो आणि काठावर पास झालेला कमी लिहितो, कारण दोघांनाही आपला निकाल आपल्या मेहनतीशी जुळवून दाखवायचा असतो. तेव्हा तासांचा आकडाच गुणांवरून बनलेला असतो.

विचारण्याचा महिनाही लिहून ठेवा. तासगाव-पलूसकडे फेब्रुवारी-मार्च म्हणजे द्राक्षांच्या काढणीचे दिवस, आणि नेमकी तेव्हाच दहावीची परीक्षा. तिथल्या मुलाचे जुलैतले तास आणि फेब्रुवारीतले तास एका मापाने मोजता येत नाहीत. त्यातल्या त्यात बरा मार्ग म्हणजे सात दिवसांची नोंदवही. रोज रात्री झोपण्याआधी, किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत, कोणता विषय, क्लास वेगळा. ती निकालाच्या आधी भरून घ्यावी आणि वर्षातून निदान दोनदा घ्यावी. याने मोजमाप सुधारतं. प्रश्न ३ मधली अडचण मात्र तशीच राहते.

६. नववीचे गुण, पालकांचं शिक्षण, क्लास, उत्पन्न असं सगळं विचारून हिशेबात धरलं तर? मग तर सिद्ध होईल?

जवळ जाल, पोचणार नाही. जे मोजलं तेच धरता येतं. चिकाटी, झोप, घरातली भांडणं, एखाद्या शिक्षकाशी जुळलेलं नातं, यांतलं किती प्रश्नावलीत येतं? आणि जे येतं तेही अर्धवटच. 'नववीत ७० च्या वर' या एका खणात ७१ वाली मुलगी आणि ९४ वाली मुलगी दोघी बसतात. खण केला म्हणून पायातला फरक संपत नाही.

त्याहून मोठी चूक म्हणजे दिसेल ते धरणं. सराव परीक्षेचे गुण हिशेबात धरलेले बरेच प्रबंध असतात, आणि तिथे उलटाच घोटाळा होतो. जूनपासून केलेल्या अभ्यासाचा परिणाम आधी सराव परीक्षेत दिसतो, मग बोर्डात. सराव परीक्षेत सारखे गुण असलेली मुलंच एकमेकांशी ताडून पाहिली, तर अभ्यासाने जे काही केलं असेल ते तुम्हीच पुसून टाकलेलं असतं. मग तास निरुपयोगी दिसतात आणि तोही निष्कर्ष खोटा असतो. साधा नियम असा: ज्या काळातले तास मोजताय त्याच्या आधी ठरलेली गोष्ट धरावी (नववीचे गुण, घर ते शाळा अंतर, आईचं शिक्षण). त्यानंतर घडलेली, आणि अभ्यासामुळे बदलू शकणारी, धरू नये.

७. आम्ही गुणगौरव समारंभात फॉर्म भरून घेतले. तिथे तर जास्त अभ्यास केलेल्यांचे गुण कमीच दिसले! असं कसं?

फॉर्म कुठे भरून घेतले त्यातच उत्तर आहे. सत्काराला ८५ टक्क्यांच्या वरचीच मुलं बोलावली होती. तिथवर पोचायचे ढोबळमानाने दोन रस्ते: उपजत चटकन समजणं, नाहीतर भरपूर बसणं. दोन्ही नसलेला मुलगा त्या मंडपात येतच नाही. मग मंडपातल्या मुलांत जो कमी बसतो तो बहुधा फार चटकन समजणाऱ्यांपैकी असतो, आणि जो खूप बसतो तो बऱ्याचदा मेहनतीने ८५-८६ ला टेकलेला असतो. एवढ्यांवरूनच संबंध काढला तर तो उलटा येऊ शकतो, मग सगळ्या तालुक्यात तो सुलट असला तरी.

प्रवेश परीक्षेतून निवडलेल्या शाळेत, वसतिगृहात किंवा क्लासच्या 'टॉपर बॅच'मध्ये सर्वेक्षण केलं तरी हाच धोका असतो. नमुना गुणांवरून गाळला गेला असेल तर त्यातला तास-गुणांचा संबंध बाहेरच्यांना लागू होत नाही, आणि बरेचदा आतल्यांबद्दलही दिशाभूल करतो.

८. सर्वेक्षण सोडा. माझ्याच मुलाला पहिल्या चाचणीत २० पैकी ७ मिळाले, मी अभ्यास दुप्पट केला, दुसऱ्या चाचणीत १३ आले. हा तरी पुरावा ना?

एकाच मुलाची तुलना असल्याने पाया, घर, शाळा हे प्रश्न कमी होतात हे खरं. पण तुम्ही अभ्यास वाढवायचा निर्णय केव्हा घेतलात ते पाहा: गुण सगळ्यात खाली गेले तेव्हा. कुठल्याही एका चाचणीत थोडा दैवाचा भाग असतो. नको तोच धडा आला, आदल्या दिवशी ताप होता, एक मोठा प्रश्न सुटला. ज्याची नेहमीची पातळी ११-१२ ची आहे त्याला एखाद्या वेळी ७ पडले, तर पुढच्या वेळी काहीही न करता तो ११ च्या आसपास येण्याचीच शक्यता जास्त. फ्रान्सिस गाल्टनने १८८६ मध्ये आईवडील आणि मुलांच्या उंचीत हीच गोष्ट दाखवली होती: टोकाच्या मोजमापानंतरचं मोजमाप सरासरीकडे सरकलेलं असतं. शिवाय दुसऱ्या चाचणीचा पेपर सोपा होता का, हे वर्गाच्या सरासरीवरून पाहावं लागेल. वर्गही सहाने वर गेला असेल तर श्रेय पेपर काढणाऱ्याचं.

९. सिगारेटने कॅन्सर होतो हे माणसांवर प्रयोग न करताच सिद्ध झालं ना? मग इथेच का अडवता?

रास्त प्रश्न. हेच आक्षेप तेव्हाही घेतले गेले होते. १९५० मध्ये डॉल आणि हिल यांनी लंडनच्या रुग्णालयांतल्या रुग्णांवरून धूम्रपान आणि फुप्फुसाच्या कर्करोगाचा संबंध दाखवला. काही वर्षांनी आर. ए. फिशर यांच्यासारख्या मोठ्या संख्याशास्त्रज्ञाने म्हटलं, की एखाद्या आनुवंशिक गुणामुळे माणूस सिगारेटही ओढत असेल आणि त्याला कॅन्सरही होत असेल. १९५९ मध्ये जेरोम कॉर्नफिल्ड आणि सहकाऱ्यांनी त्याला हिशेबाने उत्तर दिलं. सिगारेट ओढणाऱ्यांत धोका नऊपट दिसतो. तो सगळा एका छुप्या गुणामुळे असेल, तर तो गुण ओढणाऱ्यांत न ओढणाऱ्यांपेक्षा निदान नऊपट जास्त आढळायला हवा. असा गुण कुणालाच दाखवता आला नाही. सोडणाऱ्यांचा धोका कमी होत गेला, जास्त ओढणाऱ्यांचा जास्त निघाला, प्राण्यांवरचे प्रयोगही जुळले.

आता प्रश्न ३ मधलं कोष्टक पुन्हा पाहा. तिथला घटक छुपासुद्धा नव्हता. कुठल्याही शाळेच्या निकालपत्रकात सापडणारे नववीचे गुण, तेही फक्त चौपट जमलेले, आणि त्यांनी १४ पैकी १२ टक्के खाऊन टाकले. तास आणि गुणांचा संबंध नऊपटीसारखा दणकट नसतो. त्यामुळे तो साध्यासुध्या घटकांनीही उडून जाऊ शकतो.

१०. म्हणजे जास्त अभ्यास करून उपयोग नाही, असं तुम्ही म्हणताय का?

नाही. सर्वेक्षणातून ते सिद्ध होत नाही, याचा अर्थ ते खोटं आहे असा होत नाही. उलट सर्वेक्षण अभ्यासाचं महत्त्व कमीही दाखवू शकतं, आणि त्याचं चांगलं खरं उदाहरण उपलब्ध आहे.

अमेरिकेत केंटकी राज्यातल्या बेरिया कॉलेजमध्ये पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना खोलीतला जोडीदार कॉलेजकडून, आवडीनिवड न विचारता दिला जात असे. काहींच्या वाट्याला व्हिडिओ गेमचा संच घेऊन आलेला जोडीदार आला, काहींच्या नाही. कुणाला कोण मिळेल याचा त्यांच्या हुशारीशी किंवा चिकाटीशी संबंध नव्हता. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या संशोधनात असं दिसलं, की गेमवाला जोडीदार मिळालेल्यांचा अभ्यास रोज सुमारे ४० मिनिटांनी कमी झाला आणि पहिल्या सत्राची श्रेणीही खाली आली. त्यावरून काढलेला एका तासाचा परिणाम, त्याच विद्यार्थ्यांच्या साध्या तास-गुण संबंधातून दिसणाऱ्या परिणामापेक्षा कितीतरी मोठा निघाला. म्हणजे साधा संबंध इथे दुसऱ्या बाजूला चुकत होता. प्रश्न ४ मधली सक्तीने बसवलेली मुलं आठवा.

तासांत काय केलं यावरही बरंच अवलंबून आहे. २००६ मध्ये सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या प्रयोगात विद्यार्थ्यांनी काही उतारे पुन्हा वाचले, आणि काही उतारे वाचून झाल्यावर न बघता आठवून लिहिले. वेळ दोन्हीला सारखाच. आठवड्याने पुन्हा वाचलेल्यातलं ४२ टक्के आठवलं, आठवून लिहिलेल्यातलं ५६ टक्के. कोणता उतारा कोणत्या पद्धतीने करायचा हे विद्यार्थ्यांनी नव्हे, संशोधकांनी ठरवलं होतं. म्हणूनच या १४ टक्क्यांना 'पद्धतीमुळे' म्हणता येतं.

११. मग आमच्या शाळेत सिद्ध करायचंच असेल तर काय करावं?

'तू चार तास बस, तू दोनच' असं मुलांना सांगता येत नाही आणि सांगूही नये. संधी मात्र वाटता येते. समजा शाळा सुटल्यावर दोन तासांची अभ्यासिका सुरू करायची आहे आणि जागा निम्म्याच मुलांना पुरेल एवढी आहे. मग जागा कुणाला, हे चिठ्ठीवर सोडा.

इच्छुक मुलांची यादी नववीच्या गुणांनुसार उतरत्या क्रमाने लावा. वरून दोन-दोनच्या जोड्या करा आणि प्रत्येक जोडीसाठी नाणं उडवा: छाप आली तर पहिल्याला जागा, काटा आला तर दुसऱ्याला. नाणं त्या वर्गाला न शिकवणाऱ्या माणसाने उडवावं आणि निकाल तिथल्या तिथे कागदावर सहीनिशी उतरवावा, नाहीतर 'याला घ्या हो, होतकरू आहे' सुरू होतं. कोणत्या परीक्षेचे गुण पाहणार हेही आधीच लिहा. पेपर तपासणाऱ्याला कोण अभ्यासिकेत होतं ते कळू देऊ नका.

दोन चुका नेहमी होतात. एक, 'अ' तुकडीला अभ्यासिका आणि 'ब' तुकडीला नाही. बऱ्याच शाळांत 'अ' तुकडी हुशार मुलांचीच असते, आणि नसली तरी तेव्हा तुम्ही ८० मुलं नव्हे तर दोन तुकड्या ताडून पाहत असता. दोन, देखरेखीला बसलेले सर मुलांच्या शंका सोडवायला लागतात. हेतू चांगला, पण मग जो फरक दिसेल तो तासांचा की सरांचा, हे कळायला मार्ग उरत नाही.

१२. जागा मिळूनही काही मुलं आलीच नाहीत, आणि न मिळालेली काही घरी जास्त बसली. त्यांना वगळायचं का?

वगळू नका, गटही बदलू नका. जो नियमित येतो तो मुळातच चिकाटीचा असतो. न येणाऱ्यांना काढून टाकलंत की प्रश्न २ मधला तिसरा घटक मागच्या दाराने परत आत आला. नाण्याने ज्याला ज्या गटात टाकलं त्याच गटात तो शेवटपर्यंत मोजायचा.

फरक थोडा पातळ दिसेल, पण त्यावरूनही तासाचा हिशेब निघतो. समजा जागा मिळालेल्या गटाची सरासरी रोज २.६ तास आणि ६४ टक्के, न मिळालेल्याची २.१ तास आणि ६२ टक्के. नाण्यामुळे अभ्यास अर्ध्या तासाने वाढला आणि गुण दोन टक्क्यांनी. म्हणून एका तासामागे २ ÷ ०.५ = ४ टक्के. अट एकच: नाण्याने गुणांवर जो परिणाम केला तो तासांमधूनच झालेला असावा. सरांनी शंका सोडवल्या असतील तर ही अट मोडलेली असते.

१३. किती मुलं लागतील?

वाटतं त्याहून बरीच. गुणांचं प्रमाण विचलन १५ असेल आणि ५ टक्क्यांचा फरक पकडायचा असेल, तर ढोबळ सूत्र आहे: प्रत्येक गटात १६ × (१५ ÷ ५)² = १४४ मुलं. (५ टक्के सार्थकता स्तर, आणि फरक खरोखर असल्यास तो सापडण्याची ८० टक्के शक्यता, असं धरून.) एका शाळेत हे जमणं कठीण, म्हणून तीन-चार शाळा मिळून करावं. नाणं मात्र प्रत्येक शाळेत वेगळं उडवावं.

नववीचे गुण इथे मोठी बचत करतात. नववी-दहावीच्या गुणांचा सहसंबंध ०.८ असेल आणि विश्लेषणात नववीचे गुण धरले, तर लागणारी संख्या (१ − ०.६४) म्हणजे ०.३६ पट होते, प्रत्येक गटात सुमारे ५२.

१४. माझी माहिती गोळा होऊन गेली आहे, पुढच्या महिन्यात प्रबंध द्यायचा आहे. आता काय करू?

विषय टाकून देऊ नका. शाळेच्या निकालपत्रकातून नववीचे गुण मिळवा आणि प्रश्न ३ सारखं कोष्टक करा. एक्सेलमध्ये B रकान्यात नववीची टक्केवारी, C मध्ये तास, D मध्ये दहावीची टक्केवारी असेल, तर पहिल्या खणाची सरासरी अशी येते:

```
=AVERAGEIFS(D:D,B:B,">=70",C:C,">=3")
```

बाकीच्या तीन खणांसाठी चिन्हं बदला. दहावीच्या टक्केवारीत चित्रकलेच्या किंवा खेळाच्या वाढीव गुणांची भर असेल तर ती आधी वजा करा. ते गुण लेखी परीक्षेच्या अभ्यासाचे नसतात.

मग निष्कर्षाचं वाक्य बदला. 'रोज एक तास जादा अभ्यास केल्यास गुणांत ५ टक्के वाढ होते' असं लिहू नका. 'ज्या विद्यार्थ्यांनी रोज एक तास जास्त अभ्यास करत असल्याचे नोंदवले, त्यांची टक्केवारी सरासरी ५ ने जास्त आढळली. नववीचे गुण समान असलेल्या विद्यार्थ्यांत हा फरक इतका उरला' असं लिहा. शिफारशींमधलं 'पालकांनी अभ्यासाचे तास वाढवावेत' हेही काढा, कारण ते त्या माहितीतून निघतच नाही. मौखिक परीक्षेत यावर प्रश्न आलाच तर तुमचं कोष्टकच उत्तर देईल.

१५. नाण्यात जागा न मिळालेल्या मुलांवर अन्याय नाही का? पालक विचारतात.

जागा सगळ्यांना पुरत असतील तर नाणं उडवायचं कारणच नाही, सगळ्यांना घ्या. पुरत नसतील तर कुणीतरी बाहेर राहणारच, आणि 'आधी आला त्याला जागा' यात शाळेजवळ राहणारा जिंकतो, वाडीवरचा हरतो. नाण्यात दोघांना सारखी संधी असते. तरी अवघड वाटत असेल तर पहिल्या सत्रात एका गटाला आणि दिवाळीनंतर दुसऱ्याला जागा द्या. त्या वेळी तुलना मात्र पहिल्या सत्राच्या सहामाही परीक्षेवरच करा. बोर्डाच्या निकालापर्यंत दोन्ही गटांना अभ्यासिका मिळालेली असेल आणि ताडून पाहायला कुणी उरणार नाही. हे वेळापत्रक नाणं उडवण्याच्या आधीच, जूनच्या पालकसभेत लेखी द्यावं आणि संमतीपत्रावर सह्या तेव्हाच घ्याव्यात.